तीन थांबे आणि एक धोपटणं

माणदेशातल्या आमच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीची 28 मुलं माझ्याकडे एकत्र बसतात. खेळाच्या तासाला क्रिकेटच हवं, हा मुलांचा हट्ट. क्रिकेट म्हणजे चौथीतली चार-पाच मुलं फलंदाजी करणार, तीच गोलंदाजी करणार आणि बाकीची मुलं हातपंपाजवळ उभी राहून माती उकरणार. मुली तर बहुतेक वेळा चेंडू रस्त्यावर गेला की आणून देण्यापुरत्याच खेळात. कबड्डी, खो-खो, लंगडी आम्ही घेतोच, केंद्रस्तरीय स्पर्धांसाठी ते लागतं. पण चेंडू मारणं, अडवणं, नेमका फेकणं हे सगळ्या मुलांच्या हातून व्हावं, असं त्यात काही नाही. विटी-दांडू होता तो आता डोळ्याला लागेल म्हणून घरचेच खेळू देत नाहीत.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये राहते. तिची मुलगी शाळेत राउंडर्स खेळते, हे बोलता बोलता कळलं आणि मी नियम विचारून घेतले. खेळ तसा सोपा आहे. हात खालून आणून टाकलेला चेंडू छोट्या गोल दांड्यानं मारायचा आणि चार खांबांना बाहेरून वळसा घालत पळायचं. चौथ्या खांबापर्यंत एका दमात पोचलं की एक राउंडर. मधल्या खांबाला थांबलं तरी चालतं, पुढच्याच्या फटक्यावर पुन्हा पळता येतं. तुम्ही ज्या खांबाकडे पळताय त्या खांबाला समोरच्या संघानं आधी चेंडू टेकवला की बाद. झेल गेला तरी बाद. तिकडचं मैदान मोठं असतं. पहिल्या तीन खांबांमधलं अंतर 12 मीटर, चेंडू टाकणारा साडेसात मीटरवर, क्षेत्ररक्षणाला नऊ जण आणि बॅटची लांबी जास्तीत जास्त 46 सेंटिमीटर.

आमचं पटांगण म्हणजे मुरमाड जमीन. एका बाजूला वर्गखोल्यांच्या खिडक्या, दुसऱ्या बाजूला डांबरी रस्ता, मधेच ध्वजस्तंभ आणि कडेला एक कडुनिंब. नियम जसेच्या तसे उचलून उपयोग नव्हता. दिवाळीनंतर जमीन कोरडी झाली आणि आम्ही सुरुवात केली.

बॅटचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला. एका मुलीनं घरून कपडे धुवायचं धोपटणं आणलं. तिची आजी बुधवारी धुणं काढते, तेवढा वार सोडून ते आमचं, असा करार झाला. नंतर दुसरंही मिळालं. धोपटण्याचा फायदा असा की ते चपटं आणि रुंद असतं. राउंडर्सची गोल बॅट लहान मुलाच्या हातात दिली तर दहातले सात फटके हवेत जातात. धोपटणं जड मात्र असतं, म्हणून एका हातानं मारायची पद्धत आम्ही सोडून दिली. दोन्ही हातांनी मारा.

चेंडूला मी जास्त वेळ दिला, कारण खेळ कसा चालेल ते चेंडूच ठरवतो. टेनिसचा चेंडू आमच्या मुरमावर उडतो आणि घरंगळत थेट रस्त्यावर जातो. प्लॅस्टिकचा चेंडू वाऱ्याबरोबर वळतो. म्हणून चिंध्यांचा केला. आत जुन्या साडीचे तुकडे घट्ट गुंडाळायचे, वरून सुती दोरा, आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रबरी चकत्या आडव्या-उभ्या चढवायच्या. मोठ्या लिंबापेक्षा थोडा मोठा. हा चेंडू कितीही जोरात मारला तरी आमच्या पटांगणातच राहतो, अंगावर बसला तर चटका देत नाही आणि फारसा उसळत नसल्यानं घाबरणारी मुलंही त्याच्यापुढे हात नेतात. आठवड्यात तो अंड्यासारखा होतो, मग रबरं काढून पुन्हा बांधायचा. हे काम चौथीच्या दोघींनी आपण होऊन घेतलं.

खांबांच्या जागी रंगाच्या रिकाम्या प्लॅस्टिक बादल्या उपड्या ठेवल्या, आत एकेक दगड, म्हणजे वाऱ्यानं उडत नाहीत. विटा किंवा बांबू मुद्दामच टाळले. पळणारं मूल खांबावर आदळतंच, तेव्हा खांब हलला पाहिजे. चारऐवजी तीनच खांब ठेवले आणि मुलांनी लगेच त्यांना थांबे म्हणायला सुरुवात केली. फटका मारायची जागा हा चौथा कोपरा. दोन थांब्यांमध्ये माझी दहा पावलं, म्हणजे साधारण सात मीटर. त्यापेक्षा जास्त ठेवलं तर तिसरीतलं मूल पहिल्या थांब्यालाच दमतं, आणि पाच मीटरवर आणलं तर चेंडू कितीही लवकर फेकला तरी कोणी बादच होत नाही.

आता शिकवण्याकडे येते. पहिले काही तास चेंडू टाकणारा कोणी नव्हताच. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कमरेच्या उंचीवर सरळ चेंडू टाकता येत नाही, आणि तो येईपर्यंत मारणारा आणि बाकीची सगळी मुलं नुसती उभी राहतात. म्हणून चेंडू मांडून मारायचा. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा उपडा ठेवला, त्यावर तोंड कापलेली, निम्मी मातीनं भरलेली दोन लिटरची बाटली आणि बाटलीच्या काठावर चेंडू. ही उंची तिसरीच्या मुलाच्या कमरेला बरोबर येते. उंच मुलांसाठी डब्याखाली एक पाट.

इथे क्रिकेटची सवय आडवी आली. आमची मुलं बॅट वरून खाली आणतात. राउंडर्समध्ये हात आडवा फिरतो. वरून खाली आणलं की धोपटणं पत्र्यावर बसतं आणि ठण्णकन आवाज येतो. मला तर तोच आवाज हवा होता. मी काही सांगायच्या आधी रांगेतली मुलं ओरडायची, "डबा वाजला!" आणि मारणारा स्वतःच खांदा वळवून पुन्हा उभा राहायचा. कूस चेंडूकडे, नजर चेंडूच्या मागच्या बाजूवर आणि हात कमरेच्या रेषेत, एवढंच मी सांगत होते. पाचातले चार फटके डबा न वाजवता समोर जायला लागले की त्या मुलाचं मांडून मारणं झालं असं मी धरते.

फटका मारला की मुलं बॅट फेकून पळतात. जड धोपटणं मागच्याच्या नडगीवर बसलं तर खेळ तिथेच संपला. मूळ खेळात बॅट हातात घेऊनच पळतात, पण आमच्याकडे बॅट दोनच, आणि धोपटणं घेऊन पळणारं मूल मला नको होतं. म्हणून बाजूला मोटारसायकलचा जुना टायर ठेवला. धोपटणं टायरच्या आत ठेवल्याशिवाय तुमचा एकही थांबा मोजला जाणार नाही. बॅट ठेवायला एक सेकंद जातो, त्याचा क्षेत्ररक्षण करणाऱ्यांना फायदा मिळतो, आणि तो मिळावाच. वाट पाहणारी मुलं फक्कीनं आखलेल्या रेषेच्या मागे, मारणाऱ्याच्या पाठीकडे, माझ्या सात पावलांवर.

इथपर्यंत सोपं होतं. खरा खेळ क्षेत्ररक्षणात अडतो, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच कोणी शिकवत नाही. मुलांना "पसरा" एवढंच सांगितलं जातं. ती पसरतात. मग चेंडू येतो आणि संघातले सातही जण गुळाला मुंग्या लागाव्या तशी त्याच्यावर तुटून पडतात. एकानं चेंडू उचलला, आता फेकायचा कुणाकडे? तिन्ही थांबे रिकामे. पळणारा निवांत फेरी मारून येतो.

हे मुलांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. मी शिट्टी वाजवून "स्तब्ध!" म्हणायला लागले. जिथे आहात तिथे पुतळा. मग मारणाऱ्या संघातल्या एका मुलानं मोजायचं: किती थांब्यांवर माणूस आहे? पहिल्यांदा उत्तर आलं, "एकपण नाय बाई." सगळी हातपंपाजवळ. त्यांनाच हसू आलं. पुढच्या फटक्याला पुन्हा स्तब्ध, पुन्हा मोजणी.

मग भूमिका दिल्या. सात जणांमध्ये एक चेंडू मांडणारा, तो मधल्या वर्तुळात. एक मागचा, तो मारणाऱ्याच्या पाठीमागे. तीन थांब्यांवर तीन राखणदार. उरलेले दोघं लांबचे. प्रत्येकाच्या जागी फक्कीचं वर्तुळ. थांब्यावरच्या राखणदारानं वर्तुळ सोडायचंच नाही, चेंडू त्याच्या पायाशी आला तरच उचलायचा. पळायचं काम लांबच्या दोघांचं. यातही एक गोष्ट बघून ठरवली. उजव्या हाताची मुलं चेंडू बहुतेक डावीकडे, म्हणजे तिसऱ्या थांब्याच्या बाजूला मारतात. त्यामुळे लांबचे दोघं सारख्या अंतरावर उभे करण्यात अर्थ नव्हता. एक दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्यांच्या मधल्या फटीमागे आणि दुसरा साधारण मधोमध. डावखुरं मूल आलं की दोघं आपण होऊन सरकतात. हे कळायला मुलांना वेळ लागला नाही. आमच्याकडे डावखुरी एकच मुलगी आहे आणि ती आली की सगळे तिच्या नावानं ओरडून जागा बदलतात.

राखणदाराचा पाय थांब्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे मैदानाकडे. पळणाऱ्याची वाट बाहेरून. हे पहिल्याच तासाला पक्कं केलं नाही तर डोक्यावर डोकं आपटतं. मी बाहेरच्या बाजूनं फक्कीचा पट्टाच ओढला. तिकडे राखणदाराचा पाय दिसला तर मारणाऱ्या संघाला एक थांबा फुकट.

आता मुलं जागेवर उभी राहायला लागली, पण चेंडू हातात आला की फेकायच्याऐवजी तो घेऊन पळत. तेव्हा एक शर्यत लावली. वर्गातला सगळ्यात वेगानं पळणारा मुलगा तीन थांब्यांना वळसा घालून परत येणार, आणि त्याच वेळी चेंडू मांडणाऱ्याच्या जागेवरून पहिला, दुसरा, तिसरा असा राखणदारांच्या हातांतून फिरून परत येणार. मुलांनी पैज मुलावर लावली होती. चेंडू दुसऱ्या थांब्यावर सुटला आणि मुलगा जिंकला. पुन्हा लावली. या वेळी कोणाच्या हातून सुटला नाही, आणि मुलगा तिसऱ्या थांब्याला असताना चेंडू परत आलेला. मग मुलांनीच नियम काढला: चेंडू सुटला नाही तर चेंडूच जिंकतो. त्यानंतर झेलायचा सराव घ्या म्हणून मला सांगावं लागलं नाही. मधल्या सुट्टीत चिंध्यांच्या चेंडूनं जोड्या-जोड्यांत झेल चालायचे.

पुढचा अडथळा मात्र बारीक होता आणि तोच मला सगळ्यात शिकवण्यासारखा वाटतो. चेंडू उचललेल्या मुलानं तो कोणत्या थांब्याकडे फेकायचा? तिन्ही राखणदार "मला! मला!" असं एकाच वेळी ओरडतात आणि चेंडू ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो.

एक फटका सविस्तर सांगते. पहिल्या थांब्यावर तिसरीतली एक छोटी मुलगी थांबलेली होती. चौथीतल्या मुलानं चेंडू मारला, तो दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्यांच्या मधून मागे गेला. लांबच्या मुलीनं धावत जाऊन चेंडू उचलला. तोपर्यंत छोटी दुसऱ्या थांब्याकडे निघालेली आणि मारणारा टायरमध्ये धोपटणं ठेवून पहिल्याकडे. तिसऱ्या थांब्यावरचा मुलगा सगळ्यात जवळ आणि सगळ्यात जोरात ओरडणारा. चेंडू त्याच्याकडे गेला. त्यानं बादलीला चेंडू टेकवला आणि बाद म्हणून उड्या मारायला लागला. पण तिसऱ्या थांब्याकडे कोणी येतच नव्हतं. तोवर छोटी दुसऱ्यावर पोचली.

मी खेळ थांबवला आणि सगळ्यांना मगाच्याच जागी उभं केलं. चेंडू पुन्हा त्याच मुलीच्या पायाशी ठेवला. "आता सांगा, कुठे फेकायचा?" बहुतेक जण म्हणाले दुसऱ्या थांब्याकडे, कारण छोटी तिकडे जातेय. तसं करून बघितलं. छोटी निम्म्याच्या पुढे गेलेली होती, चेंडू पोचायच्या आधी ती पोचली, आणि शिवाय राखणदाराच्या हातून चेंडू सुटला तेव्हा ती तिसऱ्याकडेही पळाली. म्हणजे फायदा तर नाहीच, उलट एक थांबा जास्त गेला. मग तिसऱ्यांदा चेंडू मधल्या वर्तुळात, मांडणाऱ्याकडे फेकला. आमच्या नियमानं मांडणाऱ्यानं वर्तुळात उभं राहून चेंडू डोक्यावर धरला की थांब्यावर उभ्या असलेल्यांनी तिथंच राहायचं. मधे पळत असलेला पुढच्या थांब्यापर्यंत जाऊ शकतो, त्यापुढे नाही. छोटी दुसऱ्यावर, मारणारा पहिल्यावर, दोघंही थांबले. बाद कोणी नाही, पण पुढचा थांबाही गेला नाही.

यातून एक सोपी खूण निघाली. प्रत्येक दोन थांब्यांच्या बरोबर मधे मी फक्कीची आडवी रेघ मारली. पळणारा रेघेच्या अलीकडे असेल तर चेंडू त्याच्या पुढच्या थांब्याकडे. रेघ ओलांडली असेल तर चेंडू मधे. साडेतीन मीटर राहिले की या वयाचं मूल सेकंदभरातच पोचतं, आणि त्यांचा चेंडू उचलून, बघून, फेकून, झेलला जायला त्याहून जास्त वेळ लागतो. पळणाऱ्याच्या अंगावर चेंडू मारायचा नाही, हे सांगावं लागलं, कारण लगोरीची सवय. आणि ज्या थांब्यावरून पळणारा निघाला तिकडे फेकून काही मिळत नाही, हे दोन-तीनदा खेळ थांबवल्यावर कळलं.

रेघ बघायची कुणी, हाही प्रश्नच होता. चेंडूमागे धावणाऱ्या मुलाची पाठ थांब्यांकडे असते. त्याला उचलून, वळून, रेघ बघून ठरवायला वेळच नसतो. सगळं मैदान समोर दिसतं ते एकालाच, मागच्याला. म्हणून आवाज द्यायचं काम मागच्याचं केलं. तो फक्त आकडा ओरडतो: "दोन!" किंवा "तीन!" किंवा "मधे!" बाकी सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं, "मला मला" म्हटलं की मारणाऱ्या संघाला एक थांबा. आमच्या वर्गात एक मुलगा पायानं थोडा अधू आहे, खो-खोत तो आजवर मैदानाबाहेर बसून गुण मांडायचा. मागच्याच्या जागेवर तो इतका तयार झाला की दुसऱ्या संघानं तक्रार केली, तो नेहमी त्यांच्याकडेच का. फटका मारताना तो स्वतः मारतो, पळायला आपला जोडीदार निवडतो.

भूमिका सगळ्यांना मिळाव्यात म्हणून तीन जणांनी फटके मारले की सगळे एक वर्तुळ पुढे सरकतात. प्रत्येक फटक्याला सरकायला लावलं तर मुलांना आपण कोण आहोत तेच कळत नाही, आणि संपूर्ण डाव एकाच जागी ठेवलं तर लांबचा कंटाळून खडे वेचायला लागतो. तीन हा आकडा आमच्या वर्गाला मानवला.

बाद झालेल्याला बाहेर बसवायचं नाही, हा नियम मी पहिल्यापासून ठेवला. बाद होतात ती कमी पळणारी मुलं. त्यांनाच बसवलं तर ज्यांना सराव हवा तीच बसून राहणार. बाद झालं की त्या फेरीतले थांबे जातात आणि मूल रांगेच्या शेवटी. मोजणी चिंचोक्यांवर. प्रत्येक थांब्याला एक चिंचोका, एका फटक्यात पूर्ण वळसा झाला तर आणखी एक. झेल घेतला किंवा कुणाला बाद केलं तर क्षेत्ररक्षण करणाऱ्यांच्या वाटीत एक. रांगेत थांबलेल्यांपैकी दोघं चिंचोके सांभाळतात. भांडणं थांबली असं नाही, पण भांडण वाटीवर आलं की मोजून मिटतं.

जोरात मारणाऱ्यांचा प्रश्न उरलाच. चौथीतला एक उंच मुलगा प्रत्येक चेंडू ध्वजस्तंभाच्या पलीकडे मारायचा आणि चालत चालत वळसा पूर्ण करायचा. ध्वजस्तंभाच्या रेषेपलीकडे गेलेल्या चेंडूला एकच थांबा, असा नियम मुलांच्या सभेत झाला. त्या मुलानं चार दिवस तोंड पाडलं. मग तो मारायच्या आधी लांबचे दोघं कुठे उभे आहेत ते बघायला लागला आणि चेंडू जमिनीलगत मोकळ्या फटीतून काढायला लागला. आता तो पूर्वीपेक्षा जास्त चिंचोके घेतो.

चेंडू टाकणं शेवटी आणलं. कडुनिंबाच्या फांदीला कमरेच्या उंचीवर सायकलचा टायर टांगला आणि चार मीटरवरून हात खालून आणून त्यातून चेंडू टाकायचा. समोरचा पाय पुढे आणि सुटताना तळवा आकाशाकडे, एवढं सांगितलं की बऱ्याच जणांचा चेंडू सरळ जातो. ज्याचा चेंडू वर उडतो तो हात उशिरा सोडतोय असं समजावं. खऱ्या खेळात डोक्याच्या वरून किंवा गुडघ्याच्या खालून आलेला चेंडू चुकीचा धरतात, तेच आम्ही घेतलं. पण दोन चेंडू चुकीचे गेले की तिसरा डब्यावर मांडून मारायचा. आणि कोणाला टाकलेला नकोच असेल तर त्यानं आधीच "मांडून" म्हणायचं. तिसरीतल्या सगळ्या मुलांनी आधी मांडूनच घेतलं. आता निम्मी टाकलेला घेतात. टाकलेल्या चेंडूला फटका न लागला तरी पळावंच लागतं, आणि हेच लहान मुलांना सगळ्यात आवडतं: धोपटणं हवेत, चेंडू मागच्याकडे, आणि मूल पहिल्या थांब्याकडे सुटलेलं. मागचा ताबडतोब "एक!" म्हणून स्वतःच फेकतो.

सात-सातचे दोन खेळ एकाच वेळी चालतात. फटका मारायच्या दोन्ही जागा पटांगणाच्या मधोमध पाठीला पाठ लावून, म्हणजे चेंडू एकमेकांपासून लांब जातात. एका बाजूचा फटका ध्वजस्तंभाकडे आणि दुसऱ्या बाजूचा कडुनिंबाकडे. खिडक्या आणि रस्ता दोन्ही कडेला राहतात. मी दोन्हींच्या मधे, कडेला उभी असते. तरी एका वेळी एकाच खेळाकडे नीट बघता येतं, हे खरं. म्हणून ज्या बाजूला मी बघत नसते तिथे मांडूनच मारायचं, टाकायचं नाही. 35 मिनिटांच्या तासिकेत आखणी धरून दोन्ही संघांचे दोन-दोन डाव होतात. आखणीला वेळ जातो म्हणून वर्तुळांच्या जागी जमिनीत बाटल्यांची झाकणं खिळ्यानं ठोकली आहेत. चौथीची मुलं सकाळी परिपाठाआधी त्यावरून फक्की मारून ठेवतात.

चौथा थांबा घालून बघितला. सात जणांतला एक लांबचा कमी झाला आणि डावीकडची फट इतकी मोकळी पडली की कोणी बादच होईना. नऊ जण मिळतात ते फक्त दुसरीतली मोठी मुलं खेळायला येतात त्या शनिवारी. त्या दिवशी चौथी बादली बाहेर निघते.